'सध्या' काढा, 'यापुढे' लिहा: जुनी मैत्री एका मेसेजमध्ये थांबवताना

मराठीत आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. फोन ठेवताना 'बोलू', जिन्यात 'भेटूच', आणि अगदी कायमचं परदेशी जाणाराही दारात 'येतो हं' म्हणून निघतो. सवय गोड आहे. पण वीस वर्षांची मैत्री थांबवायचा मेसेज लिहायला बसलात की हीच सवय आडवी येते. मजकूर सगळा ठाम लिहिला जातो आणि शेवटच्या ओळीत बोट आपोआप 'बघू, बोलू कधीतरी' टाइप करतं. समोरची व्यक्ती मग बाकीचं सगळं विसरते आणि ती एक ओळ धरून बसते.

मी हे एकदा केलंय, आधी चुकीचं आणि मग बरं. त्यानंतर दोघीतिघींना मेसेज लिहायला मदतही केली. खालचं सगळं त्यावरून लिहिते आहे. उदाहरण माझंच घेते, कारण त्यातले तपशील मला नीट माहीत आहेत.

आम्ही 2004 साली पुण्यात कर्वे रस्त्याजवळच्या एका वसतिगृहात भेटलो. एकाच खोलीत तीन वर्षं. मला टायफॉइड झाला तेव्हा मेसमधून मऊ भात आणून भरवणारी ती होती, हे आजही खरं आहे. पुढे दोघींची लग्नं झाली, मी कोथरूडला राहिले, ती सिंहगड रस्त्याला. रोज रात्री साडेआठला तिचा फोन यायचा. आधी वीस मिनिटं, मग पाऊण तास, मग तास. नवरा, सासू, ऑफिसातली वरिष्ठ बाई, आणि पुन्हा नवरा. तीच तक्रार, त्याच शब्दांत, वर्षानुवर्षं. उचलला नाही तर रुसवा. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी होती त्या रात्री मी फोन घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तिचा पहिला प्रश्न होता, 'काल कुठे होतीस?' आणि मी सांगितल्यावर, 'अगं, एक मेसेज तरी टाकायचास, मी किती वेळ वाट बघत होते.'

आधी दोन आठवड्यांची वही

रागाच्या भरात लिहिलेला मेसेज राग ओसरला की मागे घ्यावासा वाटतो. म्हणून आधी चौदा दिवस एक साधी नोंद ठेवा. फोन किंवा भेट झाली की तीन गोष्टी लिहायच्या: संपर्क कोणी केला, तुमच्याबद्दल काही विचारून उत्तर ऐकायला समोरची व्यक्ती थांबली का, आणि नंतरच्या तासाभरात तुम्ही कसे होतात. माझ्या वहीत चौदा दिवसांत एकोणीस फोन निघाले, त्यातले सतरा तिचे. मला काही विचारून ती उत्तराला थांबली तीनदा. आणि नंतरच्या रकान्यात मी अकरा वेळा 'मुलावर ओरडले' असं लिहिलं होतं. ते वाचून माझा निर्णय झाला. तिचा स्वभाव कसा आहे यावर स्वतःशी वाद घालत बसण्यापेक्षा माझ्या घरात काय होतंय हे बघणं सोपं गेलं.

वही भरून झाली की स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे मी तिला स्पष्ट शब्दांत कधी सांगितलंय का? सूचक गप्पपणा, तिसरीकडून पोचवलेला निरोप किंवा स्टेटसला टाकलेला सुविचार यांना सांगणं म्हणत नाहीत. 'रोज तासभर मला जमत नाही, आठवड्यातून एकदा बोलू' अशी ठरावीक मागणी केली असेल आणि ती पाळली गेली नसेल, तरच पुढे चला. कधीच सांगितलं नसेल तर आधी ते सांगा आणि महिना-दीड महिना बघा. काही मैत्र्या तेवढ्यावर सुधारतात, मी पाहिल्या आहेत. मी दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा ती रडली आणि पंधरा दिवस फोन कमी झाले. दुसऱ्यांदा 'तूसुद्धा बदललीस' म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी साडेआठला फोन वाजला.

एक अपवाद इथेच सांगून टाकते. ती व्यक्ती धमकावत असेल, पाठलाग करत असेल, तुमचे फोटो किंवा खासगी गोष्टी पसरवायची भीती घालत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे आदराचा मेसेज लिहीत बसू नका. आलेले मेसेज जपून ठेवा, घरच्या कुणाला तरी विश्वासात घ्या आणि पोलिसांकडे जा. तातडीची वेळ आली तर 112.

हळूहळू का नाही

नवी ओळख असेल तर फोन कमी करत करत ती आपोआप विरते, त्यात कुणाला फारसं काही लागत नाही. पण वीस वर्षांच्या मैत्रिणीला तुमचा 'हं' कसा लांबतो हेही माहीत असतं. दुसऱ्याच आठवड्यात ती विचारते, 'काय झालंय?' आणि तुम्ही म्हणता, 'काही नाही गं, कामाची गडबड.' मी आठ महिने हे केलं. क्वार्टर एंड, मुलाची परीक्षा, पाहुणे, दाढदुखी. दाढदुखी ऐकून ती संध्याकाळी लवंगतेल घेऊन दारात उभी राहिली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. खोटी कारणं देऊन आपण समोरच्याला वाचवतो आहोत असं वाटत असतं, पण ती बिचारी नसलेल्या दाढेवर उपाय शोधत असते.

प्रत्यक्ष भेटून का नाही, असंही विचारतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर भेटावं. माझा अनुभव असा की समोर बसलं की दोघी जुन्याच जागी जाऊन बसतात. ती रडते, मी समजूत काढते, आणि घरी येताना पुढच्या रविवारचं जेवण ठरलेलं असतं. लिहिलेला मजकूर तिला एकटीला वाचता येतो, लगेच चेहरा सावरावा लागत नाही, आणि शब्द जसे लिहिले तसेच राहतात. मात्र तुम्ही एका घरात भाड्याने राहत असाल किंवा एकाच टेबलावर काम करत असाल तर नुसत्या मेसेजने भागणार नाही. तिथे आधी राहण्याची किंवा कामाची सोय वेगळी करा.

मेसेजच्या आधी आवरायच्या गोष्टी

या पायरीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही आणि मग मेसेज पाठवल्यावर किल्ली, डबे, पैसे असं करत पुन्हा महिनाभर बोलणं चालू राहतं. कागद घ्या आणि तुमच्या दोघींमध्ये काय काय अडकलंय ते लिहून काढा.

आमच्यात चार गोष्टी होत्या. पहिली, भिशी. दहा जणी, महिन्याला दोन हजार, म्हणजे नंबर लागेल तिला वीस हजार. माझा नंबर तिसऱ्याच महिन्यात लागून गेला होता आणि चार हप्ते म्हणजे आठ हजार भरायचे बाकी होते. अशा वेळी भिशी सोडली तर मैत्री बाजूला राहते आणि 'पैसे घेऊन पळाली' एवढंच उरतं. भिशी चालवणाऱ्या ताई वेगळ्या होत्या, म्हणून त्यांच्याकडे हप्ते शेवटपर्यंत भरायचं ठरवलं. फक्त दर महिन्याच्या चहाला जायचं नाही. तुमच्याकडची भिशी तीच व्यक्ती चालवत असेल तर उरलेले सगळे हप्ते एकदम भरून टाका, किंवा भिशी संपेपर्यंत थांबा.

दुसरी, वस्तू. तिच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे, माझ्या घराची तिच्याकडे, आणि तिच्या दोन साड्या माझ्या कपाटात. तिचं तिला परत करायचं होतं, पण माझी किल्ली मी मागितली नाही, कुलूप बदलून घेतलं. याला कारण आहे. मेसेजमध्ये तुम्ही काहीही मागितलंत, अगदी स्टीलचा डबासुद्धा, तर तो देण्यासाठी भेट आली, आणि न देणं हेही तिच्या हातात आलं. जे सोडून देता येतं ते सोडा.

तिसरी, पैसे. तिने माझ्याकडून बारा हजार घेतले होते. ते मी मेसेजच्या महिनाभर आधी एकदा साधेपणाने मागितले. आले नाहीत. मग मनातून सोडले आणि मेसेजमध्ये त्यांचा उल्लेख टाळला. उसने पैसे आणि निरोप एका कागदावर आले की वाचणाऱ्याला वाटतं, सगळं पैशासाठीच चाललं होतं. रक्कम सोडून देण्याजोगी नसेल तर तो व्यवहार पूर्ण वेगळा ठेवा, लेखी ठेवा आणि मैत्रीच्या निरोपाआधी त्याचा निकाल लावा. तुम्ही तिला देणं लागत असाल तर निवड नाहीच, आधी फेडायचं.

चौथी गोष्ट फोनमधली. तिचं नाव माझ्या मुलाच्या शाळेत तातडीच्या संपर्कासाठी दिलेलं होतं, एका ओटीटीचा पासवर्ड तिच्याकडे होता आणि ट्रेकच्या वेळी सुरू केलेलं लोकेशन शेअरिंग तसंच चालू होतं. शाळेतलं नाव बदलायला एक अर्ज लागला, बाकीचं दहा मिनिटांत झालं.

मसुदा: साडेसहाशे शब्दांतून ऐंशीपर्यंत

मसुदा तिच्या चॅटच्या खिडकीत कधीच लिहू नका. एन्टर दाबल्यावर मेसेज जातो अशी सेटिंग असेल तर 'अगं, खूप दिवसांपासून' एवढंच जाऊन बसतं. कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहा.

माझा पहिला मसुदा साडेसहाशे शब्दांचा होता. त्यात 2009 च्या माझ्या डोहाळजेवणाला ती दोन तास उशिरा आली होती, तेही होतं. लिहून बरं वाटलं, त्यामुळे पहिला मसुदा असा लिहायलाच हवा, फक्त पाठवायचा नाही. दोन दिवसांनी तो उघडला आणि लाल पेनाने एकाच कसोटीवर वाक्यं कापली: या वाक्याला उत्तर देता येतं का? देता येत असेल तर वाक्य बाद. 'तू माझ्या वडिलांच्या वेळी विचारलंसुद्धा नाहीस' याला उत्तर आहे, 'विचारलं होतं, दुसऱ्या दिवशी.' आणि तांत्रिकदृष्ट्या ती बरोबर असते. तक्रारींची यादी दिली की एकेका तक्रारीवर सुनावणी सुरू होते, आणि एक जरी खोटी ठरली तरी सगळा निर्णय खोटा ठरल्यासारखा होतो.

मग उरतात मराठीतले सभ्य शब्द. ते आपल्याला इतके सवयीचे आहेत की दिसतच नाहीत.

'सध्या' आणि 'काही दिवस'. 'सध्या मला थोडा वेळ हवाय' असं लिहिलंत तर सहा आठवड्यांनी 'झाला का वेळ?' असा मेसेज येणार, आणि त्यात तिची काही चूक नाही. कायमचं थांबवायचं असेल तर 'यापुढे' लिहा.

'आपण' आणि '-ऊया'. 'आपण थांबूया' हे दोघींनी मिळून ठरवल्यासारखं आहे. तिने काही ठरवलेलं नाही, तिची संमती गृहीत धरू नका आणि मागूही नका. 'मी थांबवते आहे' लिहा.

'असं वाटतं'. 'मैत्री थांबवावी असं मला वाटतं' याला 'मला नाही तसं वाटत' हे सरळ उत्तर आहे. निर्णय झाला असेल तर क्रियापद सरळ ठेवा.

'माफ कर'. हे मी दोनदा लिहिलं आणि दोनदा काढलं. माफी मागितली की ती द्यायची की नाही हे समोरच्यावर येतं, म्हणजे पुन्हा उत्तर आलंच. तुमच्याकडून खरी, ठरावीक चूक झाली असेल तर तेवढीच नाव घेऊन माफी मागा. नुसतं वाईट वाटतंय म्हणून मागू नका.

'गैरसमज करून घेऊ नकोस'. ही ओळ वाचून गैरसमज न झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

'तू' आणि 'तुम्ही'. आयुष्यभर 'अगं' म्हणून हाक मारली असेल तर मेसेजही 'अगं'नेच सुरू व्हायला हवा. एकदम 'तुम्ही' किंवा पूर्ण नाव आलं की ते कानाखाली वाजवल्यासारखं लागतं, आणि आदर दाखवण्याचा तर तो मार्ग नक्कीच नाही. लिपीचंही तसंच. तुम्ही एरवी रोमन अक्षरांत मराठी लिहीत असाल तर तशीच लिहा. अचानक शुद्ध देवनागरी आली की वकिलाची नोटीस वाटते. आणि हो, तिने लावलेलं लाडकं नाव शेवटी सहीसारखं टाकू नका. तो मोह मला झाला होता.

तयार शब्दही नकोत. 'विषारी', 'नकारात्मक ऊर्जा', 'माझी मानसिक शांती' हे इन्स्टाग्रामवरचे शब्द वीस वर्षांच्या माणसाला लावायला फार स्वस्त आहेत. 'दमून गेले' हा आपला शब्द पुरेसा आहे, आणि खरं तेवढंच असतं.

शेवटी उरलेला, मी पाठवलेला मेसेज असा होता:

> अगं, हे लिहायला मला बरेच दिवस लागले. गेल्या दोनतीन वर्षांत या मैत्रीत मी फार दमून गेले आहे. याबद्दल मी तुझ्याशी दोनदा बोलले होते. आता मी ही मैत्री इथे थांबवते आहे. यापुढे मी फोन किंवा मेसेज करणार नाही, आणि आले तर उत्तर देणार नाही. तुझी किल्ली आणि दोन साड्या माझा भाऊ शनिवारी संध्याकाळी आणून देईल. भिशीचे उरलेले हप्ते मी ताईंकडे भरेन. हे वाचून तुला वाईट वाटेल, ते मला कळतं. टायफॉइडमध्ये तू मला भरवलंस, ते मी विसरणार नाही. काळजी घे.

प्रत्येक वाक्याचं एक काम आहे. दुसरं वाक्य कारण सांगतं, पण 'तू मला दमवलंस' असं म्हणत नाही; मी दमले यावर वाद घालता येत नाही. तिसरं वाक्य एवढ्यासाठी की हे आभाळातून पडलेलं नाही हे तिच्या लक्षात यावं. चौथं वाक्य मुद्द्याचं, त्याच्या आधी फार प्रस्तावना ठेवली तर वाचणारी तिथे पोचेपर्यंत घाबरून जाते. पाचवं तुमच्यासाठी आहे, कारण जे लिहिलं ते पुढे पाळायचंय. मग व्यवहार, वारासकट. आभाराचं वाक्य एकच आणि अगदी ठरावीक असू द्या. 'सगळ्यासाठी थँक्स' यात कुणालाच काही मिळत नाही. शेवटी 'काळजी घे' चालतं, ते काही मागत नाही. 'सांभाळून राहा' मात्र लिहू नका, ते मराठीत दम दिल्यासारखं वाचलं जातं. 'भेटू', 'बोलू', 'बघू' यातलं काही चुकून राहिलंय का ते मोठ्याने वाचून तपासा.

मेसेज एकाच विश्वासू माणसाला वाचायला द्या, आणि ती व्यक्ती तुमच्या दोघींच्या ओळखीची नसेल तर बरं. पाठवण्याआधी अशी कल्पना करा की हा स्क्रीनशॉट तुमच्या जुन्या ग्रुपवर पडला आहे. तिथे वाचताना एखाद्या शब्दाची लाज वाटत असेल तर तो काढा. माझा स्क्रीनशॉट खरोखरच पडला.

मित्रांच्या बाबतीत 'अगं'चा 'अरे' होतो, बाकी काही बदलत नाही. पुरुष बहुतेक वेळा फोन उचलणं बंद करतात आणि त्यालाच उत्तर समजतात. वर्षभर तसं ताटकळत राहिलेले दोघे मला माहीत आहेत. ऐंशी शब्द त्यांनाही परवडले असते.

केव्हा आणि कसा पाठवायचा

तिचा वाढदिवस, दिवाळी, घरातलं आजारपण, मृत्यू, नोकरी गेलेला आठवडा हे दिवस टाळा. पण 'योग्य वेळ' शोधत वर्ष काढू नका, तिच्या आयुष्यात दर पंधरवड्याला काहीतरी असणारच. मी 2023 ची दिवाळी जाऊ दिली आणि नंतरच्या एका रविवारी सकाळी दहाला पाठवला. सुट्टी होती, तिच्या घरी नवरा होता, ती ऑफिसच्या टेबलावर एकटी वाचणार नव्हती. रात्री अकराला पाठवलेला मेसेज दोन्ही घरांची झोप घेतो.

पाठवण्याआधी त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग चालू नाही ना, ते पाहा. व्हॉट्सॲपवर ती 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांची असते. नेमका हाच मजकूर आठवड्याने पुसला गेला तर नंतर 'तू काय म्हणाली होतीस' यावर दोन आवृत्त्या तयार होतात. मजकूर एकाच मेसेजमध्ये जाऊ द्या, सहा तुकड्यांत नको. पाठवल्यावर पंधरा मिनिटं तो दुरुस्त करता येतो, पण करू नका. दुरुस्तीची खूण दिसते आणि आधी काय होतं याचा विचार ती रात्रभर करेल. पुसून टाकणं तर त्याहून वाईट. दोन टिका दिसल्या, म्हणजे मेसेज पोचला, की चॅट कायमचं म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. निळ्या टिकांची वाट बघत बसायचं नाही.

ब्लॉक लगेच करावं का? माझ्या मते नाही. मेसेज देऊन लगेच दार बंद करणं तिच्या दृष्टीने वेगळाच घाव असतो, आणि पहिले दोन दिवस ती ठीक आहे ना हे तुम्हालाही कळायला हवं. आठवडाभरानंतरही फोन थांबले नाहीत तर खुशाल करा. ब्लॉक केल्यावरही दोघी असलेल्या ग्रुपवर एकमेकींचे मेसेज दिसतात, हे लक्षात असू द्या.

पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी मला तिचे अकरा फोन आले. नंतर मेसेज: आधी 'काय झालं?', मग 'मी बदलेन', मग 'तुझ्या लग्नात मी काय काय केलं ते विसरलीस', आणि मध्यरात्री नुसतं 'बरं'. यातल्या दुसऱ्या मेसेजला हात फार शिवशिवले. कळकळीने लिहिलेलं होतं. पण मी उत्तर देणार नाही असं लिहून दिलं होतं. बाराव्या फोनला उचललात तर समोरच्या माणसाला एवढंच कळतं की बारा फोन करावे लागतात. पुढच्या वेळी ती पंधरा करेल.

उत्तर द्यायचं ते फक्त व्यवहाराला, एका ओळीत. तिने विचारलं, 'शनिवारी किती वाजता?' मी लिहिलं, 'सहा वाजता.' त्यात 'गं'सुद्धा नव्हतं, आणि ते जड गेलं.

जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याची भाषा आली तर हा नियम मोडायचा. ती खरी की धाक दाखवण्यासाठी, हे ठरवत बसू नका, ते तुमचं काम नाही. तिच्या घरात जो कुणी असेल त्याला ताबडतोब फोन करा, मेसेज जसाच्या तसा दाखवा. धोका समोर दिसत असेल तर 112. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास असते, तो नंबर तिलाही द्या आणि घरच्यांनाही. ती सुरक्षित माणसांच्या हाती आहे हे कळलं की तुमचा भाग झाला. मैत्री पुन्हा सुरू करणं हा त्यावरचा उपचार नाही, आणि एकदा तो करून बसलात की पुढे प्रत्येक वेळी तोच मागितला जाईल.

काकूंचा फोन

आपल्याकडे मैत्री दोघींची कधीच नसते. तिसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. या काकूंनी माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले होते. त्यांचा फोन न उचलणं मला जमलं नसतं आणि मी तो उचलला. 'काय गं, काय झालं तुमचं? लहान का आहात आता?' मी आधीच एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं: 'काकू, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तुम्हाला मी फोन करत जाईन. पण आमच्या दोघींचं मी तिला सांगितलंय, त्यावर मी बोलणार नाही.' त्या पुन्हा म्हणाल्या, मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. तिसऱ्यांदा त्या गप्प बसल्या, मग वडिलांची तब्येत विचारली. नवं कारण दिलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत मीठमसाला लावून तिच्याकडे पोचलं असतं, म्हणून वाक्य तेच ठेवायचं.

जुन्या ग्रुपवरच्या तिघीचौघींनाही असंच एक वाक्य: 'आमची मैत्री आता नाही. त्याबद्दल मला बोलायचं नाही, तुम्ही दोघींशी नेहमीसारख्याच राहा.' बाजू मागू नका आणि तुमच्या वहीतले आकडे कुणाला दाखवू नका. त्या ग्रुपमधल्या दोघी माझ्याशी बोलायच्या कमी झाल्या. हे होतं, त्याची किंमत आधीच धरून चाला. ग्रुप सोडायचा असेल तर महिन्याभराने सोडा, आता सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते.

आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. रोज साडेआठ वाजता माझा हात फोनकडे जायचा. सुटल्यासारखं वाटेल असं धरून चालले होते, पण पहिले काही आठवडे त्या तासाचं काय करावं तेच कळेना. शेवटी मुलाला घेऊन सोसायटीत फेऱ्या मारायला लागले. तुमचाही एखादा ठरलेला तास असेल तर मेसेज पाठवण्याआधीच त्या तासाला काहीतरी लावून ठेवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात तुम्हीच फोन कराल.

समोरासमोर गाठ पडणार, पुणं त्या बाबतीत लहान आहे. त्या वेळी तोंड फिरवायचं नाही आणि गळ्यातही पडायचं नाही. 'कशी आहेस?', 'बरी आहे', आणि पुढे. नवी चौकशी नको, कारण दुसऱ्या प्रश्नाला गप्पा सुरू होतात. आमची गाठ दोन महिन्यांनी पडली, एका मैत्रिणीकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. वाण घेऊन मी वळले तर ती समोर, हातात तिळगुळाची वाटी. सगळ्या बायका आमच्याकडे बघतायत हे मला पाठीला कळत होतं. तिने तिळगूळ पुढे केला, 'गोड बोला' म्हणाली नाही. मी घेतला, खाल्ला. 'कशी आहेस?' 'बरी आहे.' निघताना चपला घालता घालता मी घरच्या बाईंना सवयीने 'येते हं' म्हणाले. ती शेजारीच उभी होती. तिला काही म्हटलं नाही, आणि तिनेही काही म्हटलं नाही.